अंगठेबहाद्दरांचा रेझ्युमे

मराठी घरात रेझ्युमे कोणी लिहीत नाही, तो चालत येतो. थोरल्या चुलतभावाने कधीकाळी नेटकॅफेत बसून टाइप करून घेतलेला असतो. तो धाकट्याकडे येतो, धाकट्याकडून शेजारच्या पोराकडे जातो आणि प्रत्येक मुक्कामी त्यातलं नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर एवढंच बदलतं. बाकी मजकूर पिढीजात. ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःबरोबर कंपनीचाही विकास साधणे’ हे इंग्रजीतलं ध्येय अख्ख्या जिल्ह्यात एकच असतं. आमच्या भाच्याकडे असा जो रेझ्युमे आला, त्यात छंदांच्या रकान्यात ‘पोहणे’ होतं. भाचा सांगलीचा असूनही कृष्णेला लांबूनच नमस्कार करतो. पण “मूळच्यात आहे ते, असू दे की,” म्हणून त्याने त्या पोहण्याला धक्का लावला नव्हता.

भाचा बी.कॉम. झालेला, टॅलीचा कोर्स केलेला आणि एका सी.ए.कडे वर्षभर व्हाउचरच्या एंट्र्या मारलेला. पुण्यातल्या एका कंपनीत अकाउंट असिस्टंटची जागा निघाली होती आणि संध्याकाळपर्यंत रेझ्युमे पीडीएफमध्ये मागितला होता. घरात कॉम्प्युटर नाही. फोन मात्र माणशी एक, शिवाय कपाटात चार्ज न होणारा एक. त्यामुळे जे काही करायचं ते फोनवर आणि अंगठ्यांनी, असं ठरलं. ताई, दाजी, भाचा आणि मी असे चौघं सहा इंचांच्या पडद्याभोवती बसलो.

जुनी फाइल दुरुस्त करण्यापेक्षा गूगल डॉक्समध्ये कोरी उघडू, असं मी म्हटलं. अधिकच्या चिन्हावर बोट ठेवलं की कोरा कागद हवा की तयार नमुना, असं ॲप विचारतं. नमुन्यांमध्ये रेझ्युमेचे पाच प्रकार आहेत: स्विस, सेरिफ, कोरल, स्पिअरमिंट आणि मॉडर्न रायटर. ताईने नावं ऐकूनच निकाल दिला, “स्पिअरमिंट नको, त्याला शोभायचं नाही.” नमुने दिसतात फार छान. पण त्यांत जागा भरायला ‘लोरेम इप्सम’ नावाचा निरर्थक लॅटिन मजकूर घातलेला असतो आणि फोनवर बोटाने एकेक तुकडा निवडून खोडताना त्यातला एखादा हमखास राहून जातो. मग उमेदवाराला मराठी, हिंदी, इंग्रजी आणि थोडीफार लॅटिन येते, असा कंपनीचा समज होतो. आम्ही कोरा कागद घेतला.

इथून पुढे भाच्याच्या अंगठ्यांना खीळ नव्हती. पण फोनवर लिहिणाऱ्याची एक फसगत पहिल्या अक्षरापासून चालू असते. डॉक्स फोनवर उघडतं तेव्हा समोर जे दिसतं तो कागद नसतो. पडद्याच्या रुंदीत मावेल असा मजकूर मोडून, अक्षरं वाचता येतील एवढी मोठी करून ॲप आपल्याला दाखवत असतं. त्यात पान कुठे संपलं ते दिसत नाही, समास दिसत नाही, ओळ खऱ्या कागदावर कुठे तुटणार ते कळत नाही. निबंध लिहायला ही सोय उत्तम. रेझ्युमे मात्र कागदावर कसा बसतो, यावरच त्याचं अर्धं नशीब ठरतं.

खरा कागद बघायचा तर वरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत ‘Print layout’ चालू करावं लागतं. आणि ते चालू केलं रे केलं, की अख्खं पान सहा इंचांत येतं, अक्षरं मुंगीएवढी होतात आणि दाजी चष्मा शोधायला उठतात. त्यामुळे लोक ते लगेच बंद करून टाकतात. खरं तर दोन्ही लागतं. लिहायचं साध्या दृश्यात, पण तारखा-मथळे जुळवायची वेळ आली की कागद चालू ठेवायचा, दोन बोटांनी मोठा करायचा आणि मगच बोट लावायचं. त्याच मेनूतल्या ‘Page setup’मध्ये कागद A4 आहे ना, हेही एकदा बघून घ्यावं. अमेरिकी ‘लेटर’ कागद आपल्या A4पेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड असतो. लेटरवर नेटका बसलेला मजकूर A4वर छापायला गेला की झेरॉक्सवाला तो आपल्या मर्जीने लहान-मोठा करतो किंवा कडेला कापतो.

भाच्याने हे काही चालू केलं नव्हतं. त्याने साध्या दृश्यातच शिक्षणाचा भाग घेतला: डावीकडे परीक्षा आणि संस्था, उजवीकडे वर्ष. हे मधलं अंतर कसं पाडायचं? कॉम्प्युटरच्या कीबोर्डावर टॅब असतो. फोनच्या नेहमीच्या कीबोर्डावर तो नसतो. पण स्पेसबार असतो आणि तो सर्वांत लांब असतो. भाच्याने ‘दहावी’ लिहिलं, अंगठा स्पेसवर टेकवला आणि वर्ष उजव्या कडेला पोहोचेपर्यंत टकटक करत राहिला. मग बारावी. मग बी.कॉम., शिवाजी विद्यापीठ. मग टॅली. चारही वर्षं एकाखाली एक, अगदी ओळीत. ताई म्हणाली, “बघ, किती टापटीप आहे माझा पोरगा.”

मी ‘Print layout’ चालू केलं. दहावीचं वर्ष ओळीच्या मध्यावर उभं होतं. बारावीचं त्याच्यापेक्षा अर्धं अक्षर बाहेर. टॅलीचं कुठेतरी त्या दोघांच्या अधेमधे. आणि विद्यापीठाचं नाव लांब असल्यामुळे बी.कॉम.चं २०२३ त्या ओळीत मावलंच नव्हतं. ते खालच्या ओळीत डावीकडे जाऊन एकटंच बसलं होतं. बघणाऱ्याला वाटावं की या मुलाच्या आयुष्यात २०२३ साली काहीतरी घडलं होतं आणि त्याला त्याबद्दल बोलायचं नाही.

“मामा, मगाशी बरोबर होतं की!” भाचा म्हणाला.

मगाशी होतं ते पडद्यापुरतं. पडद्याची ओळ वेगळी, कागदाची ओळ वेगळी. स्पेस मोजून-मापून मारल्या तरी त्या ज्या ओळीसाठी मारल्या ती ओळच बदलली. बरं, कागदावर बघत मारल्या असत्या तरी वर्षं नेमकी एका रेषेत आली नसती. कारण आपण वापरतो त्या बहुतेक फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. इंग्रजी ‘आय’ बारीक, ‘एम’ ऐसपैस. स्पेसची रुंदी मात्र ठरलेली. डावीकडचे शब्द वेगवेगळ्या लांबीचे असल्यामुळे उरलेली जागा कधीच स्पेसच्या पूर्ण पटीत येत नाही. एक स्पेस कमी पडते, दुसरी मारली की जास्त होते. माणूस मग फॉन्टला शिव्या देतो, पण फॉन्ट आपलं काम चोख करत असतो.

यावर भाच्याने दुसरा मार्ग काढला. वरच्या पट्टीतल्या ‘A’ चिन्हावर बोट ठेवलं की खाली परिच्छेदाची बटणं उघडतात, त्यात डावीकडे, मध्ये, उजवीकडे अशी सोय असते. त्याने वर्ष निवडून ‘उजवीकडे’ दाबलं. वर्षाचा हात धरून अख्खं विद्यापीठ उजवीकडे गेलं. परत डावीकडे दाबलं, तर वर्षही विद्यापीठाबरोबर निमूट परत आलं. कारण ही आज्ञा शब्दाला नसतेच, ती परिच्छेदाला असते, आणि एंटर मारेपर्यंत सगळं एकच परिच्छेद. ठळक करायचा हुकूम शब्दाला लागू होतो, बाजू बदलायचा मात्र सगळ्या कुटुंबाला.

तिसरा मार्ग टेबलाचा. दोन रकाने घालायचे, डावीकडे संस्था, उजवीकडे वर्ष, आणि रेघांना पांढरा रंग द्यायचा म्हणजे टेबल आहे हे कोणाला दिसत नाही. माणसाला दिसत नाही, हे खरं. पण मोठ्या कंपन्यांत रेझ्युमे आधी माणूस वाचत नाही, एक सॉफ्टवेअर वाचतं. ते मजकूर उपसून आपल्या खणांत भरतं आणि टेबल, दोन रकाने, मजकुराच्या चौकटी असं काही आलं की कधी कधी डावीकडचं उजवीकडच्यात मिसळतं. मग बारावी २०२३मध्ये होते आणि पदवी तिच्या आधी.

शेवटी जे सगळ्यांत सोपं तेच केलं. वर्षाला उजवीकडे पाठवायचा अट्टहासच सोडला. ‘बी.कॉम., शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर, २०२३’ असं एका ओळीत, स्वल्पविराम देऊन. पुढची पायरी खाली. ओळ कुठेही तुटली तरी अर्थ तुटत नाही. मथळ्यांना हाताने मोठं आणि ठळक करत बसण्यापेक्षा त्याच ‘A’मधली मथळ्याची शैली लावली, म्हणजे सगळे मथळे आपोआप सारखे झाले. दोन मथळ्यांमधलं अंतर एंटरवर एंटर मारून नव्हे, तर ओळींमधलं अंतर वाढवून दिलं. कारण एंटर हा स्पेसचाच सख्खा भाऊ. वर एक ओळ वाढली की खालचे सगळे रिकामे एंटर एक पायरी उतरतात आणि ‘अनुभव’ हा मथळा पानाच्या तळाला राहून अनुभव पुढच्या पानावर जातो.

हे सगळं नीट बसल्यावर दाजींच्या लक्षात आलं की खाली प्रतिज्ञा नाही. “वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, हे नको? मग त्यांना कळणार कसं खरी आहे ते?” दाजी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत. ज्या कागदाखाली ठिकाण, दिनांक आणि सही नाही, त्याला ते कागद मानत नाहीत. प्रतिज्ञा घातली. ‘Print layout’मध्ये बघितलं तर बाकी सगळं पहिल्या पानावर आणि दुसऱ्या पानावर नुसतं ठिकाण आणि दिनांक. त्यातही ठिकाणाच्या पुढे ‘सिंगल’ असं उमटलं होतं. भाच्याने इंग्रजीत सांगली टाइप केलं होतं, पण फोनच्या कीबोर्डाला ते गाव माहीत नसावं. “हे वैवाहिक स्थितीच्या खाली घ्या,” असं दाजी गंभीरपणे म्हणाले.

कीबोर्डाची ही परस्पर दुरुस्ती रेझ्युमेपुरती बंदच करावी किंवा निदान नावं, गावं आणि आडनावं शेवटी एकदा अक्षर-अक्षर वाचावीत. डॉक्स चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारतं, पण ‘सिंगल’ हा शब्द बरोबरच असल्यामुळे तिथे कसली रेघ येणार?

दुसऱ्या पानावर सांडलेलं ठिकाण परत वर आणायला भाच्याने नेहमीचा उपाय सुचवला: फॉन्ट आठवर. मग पान एक होतं, पण वाचायला भिंग लागतं. त्यापेक्षा आम्ही वजाबाकी केली. वैवाहिक स्थिती गेली. वडिलांचं नाव गेलं, तेव्हा दाजी थोडा वेळ बाल्कनीत जाऊन आले. ‘आव्हानात्मक वातावरण’ गेलं आणि त्या जागी दोन ओळी आल्या: सी.ए.च्या कार्यालयात वर्षभर काय केलं, कुठल्या नोंदी, जीएसटीच्या कुठल्या कामात हात लागला, टॅलीत स्वतः काय काय येतं. पोहणं गेलं. ताईला तेवढं एकच गेल्याचं वाईट वाटलं. प्रतिज्ञा, दाजींच्या मनासाठी, एका ओळीत राहिली. पान एक झालं, फॉन्ट अकरावर राहिला.

आता निर्यात. इथे माणसं दोन गल्ल्यांत चुकतात. पहिली गल्ली ‘Share’ची. हे बटण समोरच असतं, म्हणून तेच दाबलं जातं आणि कंपनीला फाइल जायच्या ऐवजी फाइलची लिंक जाते. तिथली बाई लिंक उघडते, तर समोर ‘You need access’. ती परवानगी मागते. ती मागणी भाच्याच्या ज्या मेलवर येते तो त्याने अकरावीत काढलेला असतो आणि त्यात फक्त रिचार्जच्या ऑफर येतात. दोन्हीकडे माणसं वाट बघत बसतात. त्याहून वाईट म्हणजे परवानगी दिली ती ‘संपादना’ची. म्हणजे कंपनीतल्या कोणालाही तुमची टक्केवारी सुधारता येते, आणि सहसा कोणी वाढवून देत नाही.

दुसरी गल्ली स्क्रीनशॉटची. रेझ्युमेचा फोटो काढायचा आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा किंवा प्रिंट काढून ती परत कॅमेऱ्याने स्कॅन करून पीडीएफ बनवायची. ही पीडीएफ दिसते अगदी पीडीएफसारखी, पण आत नुसतं चित्र असतं. वर सांगितलेल्या सॉफ्टवेअरला त्यातलं एक अक्षर कळेल याची खात्री नाही.

सरळ रस्ता असा: तीन ठिपके, ‘Share & export’, ‘Save as’, त्यात पीडीएफ, मग OK. फाइल कुठे ठेवायची ते विचारलं तर डाउनलोड्स निवडावं, म्हणजे नंतर घरभर शोधावी लागत नाही. थेट मेलला जोडायची असेल तर त्याच मेनूतलं ‘Send a copy’. पण त्याआधी फाइलला नाव द्यायचं. डॉक्स आपल्या परीने ‘Untitled document’ म्हणतं आणि पीडीएफही त्याच नावाने निघते. भाच्याने स्वतःहून जे नाव दिलं ते ‘रेझ्युमे फायनल नवीन’. पुण्यातल्या त्या टेबलावर त्या दिवशी ‘रेझ्युमे’ नावाच्या किती फाइली पडल्या असतील याचा त्याने विचार केला नव्हता. प्रत्येकाला आपलाच रेझ्युमे एकमेव वाटतो. नाव, आडनाव आणि जागेचं नाव, एवढंच आणि इंग्रजीत ठेवलं.

“पण मामा, वर्डमध्ये पाठवला तर काय बिघडतं?”

वर्डच्या फाइलीत मजकूर आणि तो कसा मांडायचा याच्या सूचना असतात. मांडणी उघडणारं यंत्र करतं. त्याच्याकडे तुमचा फॉन्ट नसला तर ते दुसरा घेतं, अक्षरं थोडी रुंद होतात, ओळी वाढतात आणि ठिकाण-दिनांक पुन्हा दुसऱ्या पानावर जाऊन बसतात. पीडीएफ अडोबीने १९९३ साली काढली ती याच भांडणावर तोडगा म्हणून: पान मांडून झालेलं असतं आणि वापरलेला फॉन्टही सहसा सोबत बांधून दिलेला असतो. २००८मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. म्हणून ती कुठेही उघडली तरी पान तेच दिसतं.

पाठवण्याआधी मात्र तपासणी करावी आणि ती डॉक्समध्ये नव्हे, तयार झालेल्या पीडीएफवर. पानं किती झाली ते बघायचं. एका शब्दावर बोट दाबून धरायचं: शब्द निवडला गेला तर आत मजकूर आहे, नुसतं चित्र नाही. थोडा मजकूर कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पेस्ट करायचा. त्यात संस्था आणि वर्षं ओळीने आली तर सॉफ्टवेअरलाही बहुधा तशीच दिसतील. आणि मग ती फाइल दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवून तिथे उघडायला सांगायचं. आम्ही दाजींना पाठवली. दाजींनी उघडली, वर-खाली केली आणि म्हणाले, “फोटो कुठाय?”

फोटो मागितला नव्हता, म्हणून घातला नाही. घालायचाच असेल तर आधी कापून लहान करून मग घालावा. पानावर कोपरा धरून लहान केलेला फोटो दिसायला तिकिटाएवढा होतो, पण कॅमेऱ्याने काढलेला सगळा ऐवज बऱ्याचदा आत तसाच राहतो. मग अर्ज भरायच्या साइटवर फाइल ठरावीक केबीच्या आत मागतात आणि एका पानाचा रेझ्युमे काही एमबीचा होऊन दारात अडकतो. नुसत्या मजकुराचं एक पान या मर्यादेत सहसा आरामात बसतं.

फाइल गेली. दुसऱ्या दिवशी भाच्याला एका कन्सल्टन्सीतून फोन आला. त्या कंपनीची भरती तेच करत होते. “रेझ्युमे चांगलाय हो. जरा वर्डमध्ये पाठवता का?”

भाच्याने माझ्याकडे बघितलं. कन्सल्टन्सीवाल्यांना वर्ड हवं असतं ते पानाच्या प्रेमापोटी नव्हे. त्यांना वरचा मोबाइल नंबर काढून आपलं नाव टाकायचं असतं, म्हणजे कंपनीने उमेदवाराला परस्पर गाठू नये. काही हरकत नव्हती. डॉक्समधली तीच फाइल, तोच ‘Save as’, फक्त पीडीएफऐवजी वर्ड. आत ना स्पेसची रांग होती, ना एंटरची, त्यामुळे त्यांच्याकडे फॉन्ट बदलला तरी एकही वर्ष जागचं हललं नसतं.

आठवड्याने भाचा मुलाखतीला गेला. समोरच्या साहेबांच्या हातात त्याचाच रेझ्युमे होता, ओळीत ओळ, पान एकच. फक्त वर कन्सल्टन्सीचा लोगो होता, आणि तो धड मध्यावरही नव्हता, धड उजवीकडेही नव्हता. भाच्याने तिथल्या तिथे ओळखलं: कोणीतरी स्पेस मारून तो तिथपर्यंत ढकलत नेला होता.